इंजिनिअरिंग सर्व्हिसेससाठी कॅल्क्युलेटर: कोणता चालतो आणि दुकानातच खरा-खोटा कसा ओळखायचा

प्रश्न: मी नाशिकला सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे. गेट आणि यूपीएससीची इंजिनिअरिंग सर्व्हिसेस, दोन्ही द्यायच्या आहेत. डिप्लोमापासूनचा कॅसिओचा ८२ एमएस आहे, तो पुरेल की नवीन घ्यावा? मेन रोडला एका दुकानात ९९१ ईएस प्लस अर्ध्या किमतीत मिळतोय, मालक म्हणतात ओरिजिनलच आहे. डुप्लिकेट असेल तर मला कसं कळणार?

उत्तर:

गेटसाठी काहीच घेऊ नका. गेटच्या हॉलमध्ये स्वतःचा कॅल्क्युलेटर नेताच येत नाही. परीक्षेच्या स्क्रीनवरच एक कॅल्क्युलेटर उघडतो आणि तो माउसने चालवायचा असतो, कीबोर्ड चालत नाही. त्याची सवय वेगळी करावी लागते, कारण तिथे sin 30 काढायचा तर आधी ३० टाकून मग sin दाबायचं असतं आणि हातातल्या कॅल्क्युलेटरवर याच्या बरोबर उलटं. त्यामुळे गेटचे सराव पेपर त्याच स्क्रीनवरच्या कॅल्क्युलेटरवर सोडवा. हातातला कॅल्क्युलेटर घ्यायचा तो इंजिनिअरिंग सर्व्हिसेसच्या मेन्ससाठी. प्रिलिम्स वस्तुनिष्ठ असल्यामुळे तिथेही तो नेता येत नाही.

मेन्सचा यूपीएससीचा नियम नीट वाचा, कारण त्यात मॉडेलचं नाव नाही. वर्णनात्मक पेपरला फक्त नॉन-प्रोग्रामेबल कॅल्क्युलेटर चालतो. प्रोग्रामेबल वापरला तर तो गैरप्रकार धरला जातो. हॉलमध्ये कॅल्क्युलेटर उसना देता किंवा बदलून घेता येत नाही. मेन्सचे दोन्ही पेपर तीन-तीन तासांचे आणि प्रत्येकी ३०० गुणांचे असतात. पेपर चालू असताना तुमचा कॅल्क्युलेटर बंद पडला तर शेजारच्याकडून मागायची सोय नाही. म्हणून तुम्ही विचारलेला डुप्लिकेटचा प्रश्न फक्त पैशांचा उरत नाही. एमपीएससी किंवा दुसऱ्या कुठल्या मंडळाचा फॉर्म भरलात तर त्या त्या जाहिरातीतल्या सूचना पुन्हा वाचा. एका परीक्षेत चालतो म्हणून दुसरीकडे चालेलच असं नाही. सीएच्या परीक्षेत तर सायंटिफिक चालतच नाही, तिथे बारा अंकी साधाच लागतो.

आता प्रोग्रामेबल म्हणजे नक्की काय, यावरून मुलं फार घाबरतात. कॅल्क्युलेटरवर सूत्र टाइप करता येतं, X ची किंमत विचारून उत्तर देता येतं, समीकरण सुटतं, एवढ्याने तो प्रोग्रामेबल होत नाही. पायऱ्या लिहून साठवता येतात, त्या बंद करून चालू केल्यावरही राहतात आणि हव्या तेव्हा चालवता येतात, तो प्रोग्रामेबल. कॅसिओचे fx-5800P, fx-50FH, fx-3650P हे त्या जातीचे. त्यांच्यात PROG किंवा PRGM नावाचा मोड असतो, त्यावरून लगेच कळतं. नावाच्या शेवटचा P बघून ठरवायला गेलात तर ‘प्लस’ची गडबड होते, म्हणून मोडची यादीच उघडून बघा. ९९१ ईएस प्लसमध्ये A ते F, X, Y आणि M अशा नऊ जागा आहेत, पण त्यांत फक्त आकडा राहतो. सूत्र किंवा मजकूर ठेवायला जागाच नाही.

तुमचा ८२ एमएस नियमात बसतो, पण मेन्सला तो कमी पडेल. का, ते एका गणितावरून दाखवतो. सिव्हिलच्या मुलांना हे ओळखीचं आहे: आयताकृती कालवा, रुंदी ३ मीटर, प्रवाह ५ घनमीटर प्रति सेकंद, मॅनिंगचा n ०.०१५, तळाचा उतार १००० ला १. सामान्य खोली काढा. क्षेत्रफळ ३y आणि ओली परिमिती ३ + २y धरली की मॅनिंगच्या सूत्रात y असा अडकतो की तो एका बाजूला काढता येत नाही. ८२ एमएसवर मग अंदाज टाकत बसावं लागतं. y एक धरला तर A गुणिले R चा दोन-तृतीयांश घात हे २.१३४ येतं, हवं असतं २.३७२. मग १.१ धरा, २.४३७ येतं. पुन्हा १.०८, पुन्हा थोडं खाली. दर वेळी तीच लांब ओळ आणि एखादा कंस चुकला की सगळं परत.

९९१ ईएस प्लसवर हे एकदाच लिहायचं:

```
5=(1÷0.015)×3X×(3X÷(3+2X))^(2÷3)×√(0.001)
```

X साठी ALPHA आणि उजवा कंस, बरोबरच्या चिन्हासाठी ALPHA आणि CALC. मग SHIFT, CALC दाबलं की SOLVE सुरू होतं आणि सुरुवातीची किंमत विचारतं. तिथे १ द्या आणि = दाबा. उत्तर १.०७८६६… येतं, म्हणजे खोली १.०७९ मीटर. खालच्या ओळीत L−R शून्य दिसतो, म्हणजे दोन्ही बाजू जुळल्या. सुरुवातीला शून्य देऊ नका. शून्य खोलीला क्षेत्रफळही शून्य होतं आणि या पद्धतीला पुढे सरकायला उतारच मिळत नाही. एक मीटरसारखी शक्यतेतली किंमत दिली की गणित सरळ सुटतं. उत्तरपत्रिकेत मात्र सूत्र, किमती आणि एखाददुसरी फेरी लिहायची. वर्णनात्मक पेपरात पद्धतीलाही गुण असतात, नुसता आकडा लिहून ते मिळत नाहीत.

हेच ९९१ एमएसवरही होतं, त्यातही SOLVE आहे. फरक इतका की एमएसवर सगळं सूत्र एका सरळ ओळीत असतं, अपूर्णांक पुस्तकासारखे दिसत नाहीत आणि लांब सूत्रात कंस राहिला तर नजरेला येत नाही. त्याहून वरच्या ९९१ ईएक्समध्ये चार अज्ञातांची समीकरणं, ४×४ मॅट्रिक्स आणि स्प्रेडशीट आहे. त्याचा क्यूआर कोड फक्त स्क्रीनवर दिसतो, कॅल्क्युलेटर कशाला जोडला जात नाही. नियमाप्रमाणे तो नॉन-प्रोग्रामेबलच आहे, पण क्यूआर कोड आणि स्प्रेडशीट पाहून पर्यवेक्षक विचारणा करू शकतो आणि पेपरच्या पहिल्या दहा मिनिटांत त्याला समजावत बसण्यात तुमचा फायदा नाही. सिव्हिलच्या मेन्सला त्यातलं जास्तीचं काही लागतही नाही. नवीन ९९१ सीडब्ल्यूमध्ये बऱ्याच गोष्टी मेनूच्या आत गेल्या आहेत, ज्यांचा हात जुन्या कळांवर बसलाय त्यांना तो संथ वाटतो. म्हणून माझं मत ९९१ ईएस प्लस. बाजारात याच मॉडेलला मोठी मागणी आहे, त्यामुळे नकलाही याच्याच जास्त.

मी वर्षानुवर्षं नाशिकमध्ये कॅल्क्युलेटर विकतो आणि दुरुस्तही करतो. पंचवटीपासून नाशिकरोडपर्यंतची डिप्लोमा-डिग्रीची मुलं येतात, त्यातला बंद पडलेला माल उघडला की आतून बरंच कळतं. तुमच्या प्रश्नातल्या ‘अर्ध्या किमतीत’ या दोन शब्दांनीच मला पहिली शंका आली. या मालावर दुकानदाराला एवढी सूट देण्याइतका नफा सुटत नाही. नवीन, सीलबंद नग छापील किमतीच्या निम्म्यात मिळत असेल तर तो जुना, चोरीचा किंवा नकली आहे असं धरूनच पुढचं बघायचं.

आधी खोका. परदेशातून आलेल्या मालाच्या पाकिटावर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश, महिना-वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत आणि ग्राहक तक्रारीचा संपर्क असणं आपल्याकडे वजनमापांच्या नियमांनी बंधनकारक आहे. कॅसिओच्या भारतातल्या कंपनीचं नाव असलेलं असं लेबल खोक्यावर नसेल किंवा वरून दुसराच स्टिकर चिकटवला असेल तर तिथेच थांबा. ‘चीनमध्ये बनवलेलं’ असं लिहिलंय म्हणून मात्र नाकारू नका. कॅसिओचे खरे नगही चीनमध्ये बनतात. लोक हे उलटं समजतात आणि ज्यावर जपान लिहिलंय तो नग आनंदाने घेऊन जातात.

खोका आणि छपाई चांगली नक्कल करता येते, म्हणून त्यावर सगळा भरवसा ठेवू नका. खरी तपासणी आतल्या चिपची. दुकानात उभं राहून दोन मिनिटांत करता येते आणि प्रामाणिक दुकानदार तिला ना म्हणत नाही.

पहिली आणि मला सर्वांत पटलेली तपासणी π म्हणजे पायची आहे. खरा ईएस प्लस स्क्रीनवर दहा अंक दाखवतो, पण आत पंधरा अंकांनी गणित करतो. पायची आतली किंमत 3.14159265358980 आहे, हे कंपनीच्या माहितीपत्रकातच छापलेलं असतं. म्हणून SHIFT आणि ×10ˣ ची कळ दाबून पाय आणा आणि त्यातून पायचे पहिले दहा अंक वजा करा, शेवटचा अंक स्क्रीनवरच्यासारखा वर न नेता:

```
π−3.141592653
```

उत्तर 5.898×10⁻¹⁰ यायला हवं. ते उरलेल्या लपलेल्या अंकांपासून येतं. तसंच ALPHA आणि त्याच कळीने e आणून त्यातून 2.718281828 वजा केलं की 4.5904×10⁻¹⁰ येतं. स्वस्तातल्या नकली चिप एवढे अंक आत ठेवत नाहीत. गेल्या मोसमात एका मुलाने आणलेल्या नगावर पायचं उत्तर सरळ शून्य आलं. बाहेरून तो इतका हुबेहूब होता की अक्षरांची जाडीसुद्धा जुळत होती. हे आकडे ईएस प्लससाठी आहेत, दुसऱ्या मॉडेलवर शेवटचे अंक वेगळे येऊ शकतात. तेव्हा दुसरं मॉडेल घेत असाल तर मित्राकडच्या खात्रीच्या, त्याच मॉडेलच्या नगाशी ताडून पाहा.

मग sin 15 काढा, डिग्रीत. खऱ्या ईएस प्लसवर गणिती मोडमध्ये उत्तर दशांशात येत नाही, वर्गमूळांच्या रूपात येतं: √६ आणि √२ चा फरक, छेदात ४. S⇔D दाबलं की 0.2588190451 दिसतं. काही नकली नगांवर अपूर्णांक दाखवायची सोय असते, पण वर्गमूळ ठेवायची नसते. त्यांत थेट दशांशच येतो. तो आला तर आधी मोड बदललेला नाही ना ते पाहा, कारण एका ओळीच्या मोडमध्ये खऱ्यावरही दशांशच येतो. शंका नको असेल तर SHIFT, 9, 3, = आणि AC दाबून सगळं मूळ स्थितीत आणा आणि पुन्हा करा. त्यानंतर वरचं कालव्याचं गणित सोडवा. त्यात घात, मूळ, SOLVE असं सगळं एकदम येतं आणि 1.07866 या उत्तराने पडताळणी होते. दुकानदाराला घाई असेल तर निदान पाय आणि sin 15 एवढं तरी करूनच घ्या.

आता स्वयंचाचणी. SHIFT आणि 7 एकदम धरून ON दाबा. खऱ्या नगावर DIAGNOSTIC असा शब्द येतो. मग 9 दाबलं की चिपची आवृत्ती, SUM आणि त्याच्यापुढे OK अशा ओळी दिसतात. पुढे SHIFT दाबत गेलात की स्क्रीन पूर्ण काळी, मग कोरी, मग चौकटीची अशी बदलते. त्यात एखादा ठिपका मेलेला असेल तर तिथेच दिसतो. खऱ्या नगातही कधी एखादा ठिपका खराब निघतो, तेव्हा ही चाचणी नकलेसाठी नव्हे तर तुमच्या नगाच्या तब्येतीसाठी म्हणून करा. बाहेर यायला ON दाबा. या चाचणीत साठवलेले आकडे पुसले जातात, त्यामुळे परीक्षेच्या सकाळी ती करत बसू नका. आणि एवढं लक्षात ठेवा की ही चाचणी न दिसणारा नग नकली, हे बहुतेक वेळा खरं ठरतं. पण दिसली म्हणून तो खराच, असं नाही. चांगल्या नकलांनी ही स्क्रीनही हुबेहूब उतरवली आहे. पायच्या अंकांचं तसं नाही, तिथे प्रत्यक्ष गणित करावं लागतं.

सोलर पट्टीबद्दल एक चुकीची समजूत कॉलेजच्या आवारात पसरलेली आहे: पट्टीवर बोट ठेवा, स्क्रीन फिकी झाली तर खरा, नाही झाली तर नकली. ईएस प्लस दोन्हींवर चालतो, सोलर आणि आतली LR44 बटन बॅटरी. बॅटरी चांगली असेल तर बोट ठेवल्यावर काहीही होणार नाही, कारण ती काम उचलून धरते. या कसोटीवर कित्येक खरे नग परत आले आहेत. खरी कसोटी उलट आहे. मागच्या झाकणाचा स्क्रू काढून बॅटरी बाहेर घ्या आणि पट्टी भर उजेडात, खिडकीत किंवा उन्हात धरा. खरा नग चालू होतो. नकली बहुतेक वेळा अजिबात उठत नाही, कारण पट्टी नुसती शोभेची असते. मी उघडलेल्या अशा नगांमध्ये पट्टीच्या मागून निघणारी तारच नव्हती, काचेखाली रंगवलेला तुकडा बसवलेला होता. हे दुकानात कोणी करू देणार नाही, म्हणून घरी नेल्यावर पहिल्याच दिवशी करा, बिल हातात आणि परत करायची मुदत असताना. स्क्रू बारीक असतो, योग्य मापाचा स्क्रूड्रायव्हर नसेल तर त्याचं डोकं झिजवू नका, आधी तो मिळवा. बॅटरी परत बसवल्यावर मोड आणि डिग्री-रेडियन एकदा तपासा.

शोभेची पट्टी म्हटल्यावर नकली नगाचं नुकसानही समजतं. त्याचा सगळा भार बॅटरीवरच पडतो आणि ती लवकर बसते. स्क्रीन हळूहळू फिकी होते आणि मुलं समजतात की कॉन्ट्रास्ट बिघडला. कळांचंही तसंच: आतला रबर पातळ असतो, महिन्याभराच्या सरावात 5, = आणि AC सारख्या जास्त वापराच्या कळा अर्धवट दाबल्या जातात, एक दाब चुकतो किंवा दोनदा उमटतो. आणि हे पेपरात लक्षातही येत नाही, कारण उत्तर चुकलेलं असलं तरी स्क्रीनवर आकडा व्यवस्थितच असतो.

म्हणून तुमच्या मेन रोडच्या नगाबद्दल थेट सांगतो. दुकानदाराला आधी विचारा, पक्कं जीएसटी बिल द्याल का आणि त्यावर मॉडेल लिहाल का. खोक्यावरच्या आयातदाराच्या लेबलवर बोट ठेवून विचारा. मग त्याच्यासमोरच पाय आणि sin 15 करा. बिलाला तो कां-कूं करत असेल तर उत्तर तिथेच मिळालं. बिल देतोय, पण पाय वेगळाच आकडा दाखवतोय, तर स्वस्त आहे म्हणून ‘सरावासाठी’ घ्यायचा मोहही नको, कारण सरावाने हात त्याच्याच कळांना बसतो. आधीच घेतला असेल आणि घरी सोलर कसोटीत नापास झाला तर बिल, खोका आणि पायच्या उत्तराचा फोटो घेऊन दुकानात जा. परत घेत नसतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवता येते.

खरा घेतल्यावर एक काम. प्रिलिम्सचा निकाल लागला की LR44 नवीन घाला, जुनी कितीही चांगली वाटली तरी, आणि एक सुटी जोडीला ठेवा. मेन्सला नाशिकहून मुंबईला जावं लागेल आणि तिथे पेपरच्या सकाळी अनोळखी भागात बॅटरी शोधत फिरायला वेळ नसतो. तुमचा ८२ एमएस टाकून देऊ नका. तोही नॉन-प्रोग्रामेबलच आहे. प्रवेशपत्रावरच्या सूचनांनी दुसरा नग न्यायला मनाई केली नसेल, तर मुख्य कॅल्क्युलेटर दगा देईल तेव्हा तो हाताशी असेल. त्यावर मात्र कालव्याचं गणित अंदाज टाकतच सोडवायचं, म्हणून ती फेऱ्यांची पद्धतही हाताला येत राहू द्या.